मुहूर्त १२.२७ चा, कार्यालय ४ वाजता रिकामं करायचं: लग्नाच्या दिवसाचं तासातासाचं वेळापत्रक

प्रश्न: डिसेंबरमध्ये पुण्यात मुलीचं लग्न आहे. मुहूर्त दुपारी १२.२७ चा. कार्यालय सकाळी ७ ते दुपारी ४ एवढंच मिळालं आहे. ४०० माणसं आहेत. जेवणाच्या हॉलमध्ये एका वेळी १२० पानं बसतात, शेजारी छोटं लॉन आहे. वऱ्हाड त्याच दिवशी सकाळी साताऱ्याहून बसने येणार. ग्रहमख आणि हळद आदल्या दिवशी घरी. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत हे सगळं कसं बसवायचं?

उत्तर:

बसतं, पण कागदावर सकाळी ७ पासून खाली लिहीत जाऊ नका. तसं लिहिलं की प्रत्येक गोष्टीला ऐसपैस वेळ दिला जातो आणि होम, सप्तपदी, घरच्यांची जेवणं ही शेवटच्या तासात कोंबली जातात. तुमच्या दिवसात न हलणाऱ्या वेळा दोनच आहेत, १२.२७ आणि ४. त्या दोन्हींपासून मागे मोजत या. आणि पहिल्यांदा दुपार लिहा, सकाळ नंतर, कारण गुंता दुपारीच होतो.

तो गुंता असा. शेवटची अक्षता पडली की पुढच्या दहा मिनिटांत सगळ्यांना दोनच गोष्टी हव्या असतात, स्टेजवर जाऊन भेटणं आणि जेवणं. त्याच वेळी गुरुजींना कन्यादानाला बसायचं असतं. बहुतेक घरांत नवरा-नवरीला लगेच स्टेजवर उभं करतात. रांग लागते, तासाभराने संपते. तोवर कन्यादान करणारे आईवडील उपाशी ताटकळलेले असतात आणि होम सुरू व्हायला अडीच वाजतात. ४ वाजता हॉल सोडायचा असेल तर हे परवडणारं नाही.

म्हणून क्रम बदला. अक्षता आणि हार झाले की लगेच त्याच जागी कन्यादान आणि मंगळसूत्र. बहुतेक गुरुजींनाही हाच क्रम आवडतो, विधी मुहूर्ताला लागून होतात. पाहुण्यांसाठी मात्र त्याच वेळी जेवण सुरू झालेलं असलं पाहिजे. लोक जेवून परत येतात तेव्हा नवरा-नवरी स्टेजवर भेटतात. गर्दी आपोआप विभागली जाते आणि भुकेलेल्या माणसाला रांगेत उभं राहावं लागत नाही. शाखा आणि घराण्याप्रमाणे विधींचा क्रम थोडा वेगळा असतो, तेव्हा हे गुरुजींशी आधी, निवांत बसून ठरवा. त्यांच्याकडून प्रत्येक विधीला लागणारी मिनिटं लिहून घ्या. ‘साधारण दीड तास’ या उत्तरावर थांबू नका, कन्यादानाला किती आणि होमाला किती ते वेगळं विचारा.

तुमची दुपार मी अशी लिहीन. १२.२७ ला अक्षता, १२.३० पर्यंत हार. १२.३० ते १२.५५ कन्यादान, कंकणबंधन, मंगळसूत्र. १२.५५ ते १.१५ मुलगी शालू नेसून येईल, तोवर जावई आणि दोन्हीकडचे आईवडील खाली येऊन वडीलधाऱ्यांना भेटतील. १.१५ ते १.५५ स्टेजवर भेटी. १.५५ ते २.४५ विवाहहोम, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी. २.४५ ते ३.१५ घरच्यांची आणि विहिणींची पंगत. ३.१५ ते ३.४५ झाल, सूनमुख, पाठवणी. शेवटची पंधरा मिनिटं सामान आणि हिशोब.

यात भेटींना दिलेली चाळीस मिनिटं कमी वाटतील. गणित करून बघा. साडेतीनशे पाहुण्यांपैकी स्टेजवर साधारण अडीचशे येतात, आणि ते तिघा-चौघांच्या घोळक्याने येतात, म्हणजे सत्तर घोळके. एकाला अर्धा मिनिट धरलं तर पस्तीस मिनिटं. अर्धा मिनिट टिकवायचा असेल तर दोन माणसं लागतात. एक चढायच्या पायऱ्यांशी, पुढच्या घोळक्याला तयार ठेवणारा. दुसरा उतरायच्या बाजूला, ‘काका, इकडून या, जेवलात ना?’ म्हणत हळूच पुढे नेणारा. दुसऱ्या कामाला बोलका आणि सगळ्यांना ओळखणारा नातेवाईक हवा, कॅटररचा मुलगा चालत नाही. आहेर घेणार असाल तर त्याचं टेबल स्टेजपासून लांब, प्रवेशाजवळ ठेवा. पाकिटं नवऱ्या मुलाच्या हातात यायला लागली की प्रत्येक घोळक्याला एक मिनिट लागतो आणि हिशोब दुप्पट होतो.

जेवणाचंही तसंच. फक्त पंगती केल्या तर १२० च्या तीन पंगती लागतात. एक पंगत उठून, टेबलं पुसून, पुन्हा पानं मांडेपर्यंत पाऊण तास जातो. पावणेएकला सुरुवात केली तर तिसरी पंगत तीनला उठेल आणि घरचे त्यानंतर बसतील. म्हणून वयस्कर पाहुण्यांसाठी पावणेएकची एक पंगत आणि बाकीच्यांसाठी लॉनवर बुफे. बुफेची दोन टेबलं, दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतील अशी, म्हणजे चार रांगा. एका रांगेतून मिनिटाला चार ताटं भरून बाहेर पडतात असं धरा. २३० माणसं पंधरा मिनिटांत निघतील, प्रत्यक्षात लोक एकदम येत नाहीत म्हणून आणखी सोपं जाईल. जिलबी आणि मठ्ठा या रांगेत ठेवू नका, त्यांची वेगळी टेबलं लावा. गरम जिलबीपाशी सगळे थांबतात आणि मागची रांग खोळंबते. दुसरी पंगत १.४० ला, मागे राहिलेल्यांसाठी आणि दिवसभर राबणाऱ्या मदतनीस मंडळींसाठी.

पंगतीची पानं १२.३० लाच अर्धी वाढलेली असावीत. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, म्हणजे पानाची डावी बाजू आधी, आणि वरण-भात माणूस बसल्यावर. कॅटररला एवढंच सांगा की अक्षता संपल्याची खूण वाद्यांच्या गजरावरून घ्यायची, कोणी निरोप घेऊन येणार नाही.

आता १२.२७ पासून मागे. या सव्वा तासात मी मिनिटांनी लिहिते, कारण इथे पाच मिनिटं गेली तर ती कुठूनच भरून निघत नाहीत.

११.१५: मुलगी गौरीहरापाशी बसते, मामाने दिलेल्या पिवळ्या साडीत. मामा न्यायला येईपर्यंत ती तिथून उठत नाही.
११.१५: नवरदेव जवळच्या मारुतीच्या दर्शनाला निघतो.
११.४०: वर दाराशी. भाकरतुकडा, पायावर पाणी, औक्षण.
११.४५: मधुपर्क.
११.५५: अक्षता वाटायला सुरुवात.
१२.०५: वर बोहल्यावर. अंतरपाट आणि तो धरणारे दोघे जागेवर.
१२.१०: मामा मुलीला आणतो, करवल्या मागे.
१२.१२: पहिलं मंगलाष्टक.

मंगलाष्टकांचं गणित जवळजवळ कोणीच करत नाही. एक कडवं ‘शुभमंगल सावधान’सह सावकाश म्हटलं तर मिनिटाहून थोडं जास्त लागतं. गुरुजींची आठ धरली तर नऊ-दहा मिनिटं. त्यात घरच्या दोघी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणणार असतील तर प्रत्येकीला दोन मिनिटं, म्हणजे दोनच कडवी. एकूण चौदा मिनिटं, म्हणून १२.१२. घरच्यांची मंगलाष्टकं नेहमी आधी ठेवा, गुरुजींची शेवटी. गुरुजी घड्याळाकडे बघून चाल लांबवू किंवा आवरू शकतात, तुमच्या आत्याबाईंना ते जमणार नाही आणि त्यांना मध्येच थांबवणं कोणालाच बरं वाटत नाही. शेवटी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू झालं की फोटोग्राफरने जागा घ्यायची आणि वाजंत्रीवाल्यांनी सनई तोंडाला लावायची, ही खूण दोघांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवा. घड्याळ एकच मानायचं, गुरुजींचं.

मामांविषयी वेगळं सांगते. १२.१० ला मुलीला आणायला मामा हवा हे सगळ्यांना माहीत असतं, पण नेमके तेव्हाच ते पार्किंगमध्ये कोणाला तरी गाडी लावायला मदत करत असतात. १२.०० पासून मामांसोबत राहायचं काम एका भाच्याला द्या.

पाहुणे कधी येतात त्यावरही हा तास ठरतो. पत्रिकेवर १२.२७ छापलं की पुण्यात निम्मी माणसं ११.४५ ते १२.१५ या अर्ध्या तासात येतात. म्हणजे दाराशी वराचं स्वागत चाललेलं असताना त्याच दारातून दोनशे माणसं आत शिरत असतात. कार्यालयाला दुसरं दार असेल तर ११.३० पासून पाहुण्यांना तिकडून घ्या. नसेल तर वराचं औक्षण दाराच्या चार पावलं आत, एका बाजूला करा. बाहेरच्या अरुंद पायरीवर केलंत तर रस्त्यापर्यंत माणसं तुंबतील.

सकाळ तुलनेने सोपी आहे. साताऱ्याहून पुणे साधारण ११० किलोमीटर. बस पहाटे ५ ला निघाली तर ८ ला पोहोचेल असं लिहा, रस्ता मोकळा मिळाला तर थोडी आधीच येईल. खंबाटकीजवळ किंवा खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर वाहनं अडली तर अर्धा-पाऊण तास सहज जातो. लग्नसराईत आणि सुट्टीच्या दिवशी तर नक्कीच. वाटेत चहाला थांबू नका असं व्याह्यांना प्रेमाने सांगा, चहा-नाश्ता इथे ८ ला तयार आहे म्हणावं. आल्यावर ८ ते ८.५० उपमा, शिरा, चहा आणि तयार होणं. ९ ते ९.४० सीमांतपूजन आणि विहिणींच्या भेटी, ९.४० ते १०.१० वाङ्निश्चय, १०.१० ते १०.४० कुटुंबांचे फोटो, १०.४० ते ११.१० मुलीची साडी बदलणं.

बस उशिरा आली तर काय सोडायचं हेही आत्ताच ठरवा, त्या दिवशी ठरवायला गेलात तर दहा मतं येतील. आधी फोटोंचा अर्धा तास सोडायचा. तरी पुरलं नाही तर सीमांतपूजन पंधरा मिनिटांत आटोपायला गुरुजींना सांगायचं. ११.१५ चं गौरीहर मात्र हलवायचं नाही. ते हललं की मामा, वर, अक्षता सगळं एकमेकांवर येतं.

कार्यालय ७ ला उघडणार, त्यामुळे मुलीचा मेकअप तिथे ठेवू नका. वेणी, मेकअप, पहिली साडी मिळून दोन तास लागतात. घरी पहाटे ५ ला सुरुवात करा आणि ७.१५ ला तयार होऊनच निघा. दिवसभरात साड्या किती हे आज ठरवा. मी तीन धरल्या आहेत, सकाळची, गौरीहराची पिवळी आणि शालू. पिवळी नऊवारी असेल तर नेसायला अर्धा तास पूर्ण लागतो, दहा मिनिटांत होईल असं कोणी म्हटलं तरी मानू नका. १२.५५ चा शालू वीस मिनिटांत व्हायचा असेल तर तो सहावारी हवा, पदराच्या निऱ्या आधीच घालून पिना लावून ठेवलेला, आणि केसांना तेव्हा हात लावायचा नाही. चौथी साडी या दिवसात बसत नाही. मुलीला हवीच असेल तर ती साताऱ्याला लक्ष्मीपूजनाला नेसू दे.

कुटुंबांचे फोटो मुहूर्ताआधी घ्या, या मतावर मी ठाम आहे. सकाळी आजी-आजोबा ताजेतवाने असतात, कोणी जेवायला गेलेलं नसतं, कोणाचा मेकअप अश्रूंनी आणि होमाच्या धुराने उतरलेला नसतो. दहा गट आणि प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे अर्धा तास. गटांची यादी नावांनिशी करा. ‘मुलीकडचे सगळे’ असं लिहिलं तर कोणीच जागेवर सापडत नाही. ‘आजी, दोन्ही आत्या, त्यांची मुलं’ असं लिहा आणि ती यादी फोटोग्राफरला न देता तुमच्या एखाद्या भाचीला द्या, कारण आत्या कोण हे फोटोग्राफरला कळणार नाही. काही घरांत अंतरपाटाआधी दोघांना एकत्र उभं करणं वडीलधाऱ्यांना रुचत नाही. तसं असेल तर सकाळी प्रत्येक बाजूचे वेगळे फोटो घ्या आणि एकत्र फक्त दोन-तीन गट दुपारी १.५५ ला, होमाला बसण्याआधी. दोघांचे निवांत फोटो भर दुपारी काढू नका, डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली सावल्या पडतात. ३.१५ ला, झालीच्या आधी, लॉनच्या कडेला दहा मिनिटं काढता येतील. पाठवणीनंतर मुलीच्या चेहऱ्यावर ते फोटो येत नाहीत.

होमाविषयी एक अडचण जवळून बघण्यासारखी आहे. भेटींसाठी डेकोरेटर स्टेजवर मोठा सोफा मांडतो. त्याच स्टेजवर होम करायचा तर सोफा हलवायला हवा, आणि तो दोन माणसांना उचलत नाही. मग १.५५ ला होमकुंड हातात घेऊन गुरुजी उभे आणि डेकोरेटरची माणसं जेवायला गेलेली, असं होतं. त्यावर उपाय म्हणजे होमाची जागा स्टेजच्या खाली, एका बाजूला वेगळी ठेवणं. तिथे सतरंजी, पाट, होमकुंड, खाली विटा आणि वाळू सकाळीच मांडता येते. सप्तपदीला तांदळाच्या सात राशी एका ओळीत मांडून त्यांवरून चालायचं असतं, म्हणून आठ-दहा फूट मोकळी लांबी ठेवा, कडेने फुलांच्या कुंड्या नकोत. वातानुकूलित हॉल असेल तर धुराचं काय करायचं ते कार्यालयाच्या व्यवस्थापकाला आधी विचारा. लाजाहोमाला मुलीचा भाऊ लाह्या घालतो आणि कानपिळीही त्याचीच, तेव्हा त्याला २ नंतर दुसरं कोणतंही काम देऊ नका.

सप्तपदी घाईत उरकू नका. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे, ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. त्या क्षणी फोटोग्राफर जेवत असेल तर पुन्हा चालून दाखवता येत नाही. त्यांच्या माणसांनी आळीपाळीने १२.५५ ते १.१५ या वेळात जेवून घ्यावं, मुलगी साडी बदलत असताना टिपण्यासारखं फारसं काही नसतं. बसचा चालक, वाजंत्रीवाले आणि मेकअप करणाऱ्या ताई यांची पानंही कॅटररच्या आकड्यात धरा, नाहीतर ती घरच्यांच्या पानांतून कमी होतात.

उपवासाचंही बोलून घ्या. कन्यादान करणारे आईवडील आणि वधूवर बऱ्याच घरांत होमापर्यंत जेवत नाहीत. तुमच्या दिवसात म्हणजे पहाटेपासून पावणेतीनपर्यंत. दूध, केळं, लिंबू सरबत किंवा कोकम सरबत चालेल का हे गुरुजींना विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. मग वेळापत्रकात १०.४० ला आणि १२.५५ ला तसं स्पष्ट लिहा आणि कोणी नेऊन द्यायचं त्याचं नावही लिहा. तुम्हा दोघांपैकी कोणाला मधुमेह असेल, इन्सुलिन किंवा गोळ्या सुरू असतील, तर उपवास धरू नका. डॉक्टरांना दिवसाच्या वेळा दाखवून खाण्याचं आधी ठरवून घ्या आणि गुरुजींना तसं सांगा, ते समजून घेतात.

हे पूर्ण वेळापत्रक फक्त तीन जणांकडे द्या. एक घरचा माणूस, कॅटररचा मुख्य आणि गुरुजी. तो घरचा माणूस तुम्ही किंवा तुमची पत्नी नको, तुम्ही दोघं कन्यादानाला बसलेले असाल. एखादा धाकटा भाऊ किंवा भावजय चालेल. बाकी प्रत्येकाला त्याच्या कामाच्या दोन-तीन ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मामांना मामांच्या, भावाला भावाच्या. मोठा तक्ता सगळ्यांना पाठवला तर कोणी वाचत नाही, आणि वाचलाच तर बदल सुचवतो.

शेवटच्या तासातली तीन कामं अजून राहतात. विवाह नोंदणीच्या अर्जावर गुरुजींची सही लागते, ती ३.१५ ला त्यांची दक्षिणा देतानाच घ्या, नंतर त्यांच्या घरी खेपा घालाव्या लागतात. रुखवत तीन वाजल्यापासून खोक्यांत भरायला सुरुवात करा आणि कोणती खोकी वऱ्हाडाच्या बसमध्ये, कोणती तुमच्या घरी, ते खोक्यावरच लिहा. आणि बस ४ ला नक्की सुटू दे. ७ पर्यंत साताऱ्याला पोहोचली तर गृहप्रवेश आणि लक्ष्मीपूजन वेळेत होऊन मुलीला रात्रीचं जेवण तरी निवांत मिळेल.